आठ तासांची ड्युटी की बारा तासांची?

तालुक्याच्या गावातले एखादे लहान रुग्णालय घ्या. वॉर्डात एका वेळी एकच सिस्टर आणि एकूण सिस्टर चार. आठवड्याचे 168 तास चौघींत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी 42 तास येतात. आठ तासांच्या 21 ड्युट्या लावा किंवा बारा तासांच्या 14, हा आकडा बदलत नाही. मग वाद कशाचा?

बऱ्याच सिस्टरांना बारा तास सोयीचे वाटतात. आठवड्यात पाच-सहा खेपांऐवजी तीन-चार होतात आणि रात्री दहाला सुटून एसटी शोधावी लागत नाही. चार्ज देण्याघेण्याचे प्रसंगही दिवसाला तीनाऐवजी दोनच. ही गोष्ट लहान नव्हे. जाणाऱ्या सिस्टरने साडेसातला इन्सुलिन टोचले, घाईत लिहायचे राहिले आणि येणारीने आठला पुन्हा टोचले, तर रुग्णाची साखर एकदम उतरते. घाम, थरथर आणि मग शुद्ध हरपणे. म्हणून चार्ज खाटेपाशी उभे राहून, केसपेपर हातात घेऊन द्यावा. काय दिले, किती वाजता दिले, पुढे काय द्यायचे, हे बोलायला पंधरा मिनिटे तरी दोघी एकत्र हव्यात.

थकवा मात्र ड्युटीच्या नव्हे, जागेपणाच्या तासांवर मोजावा. सकाळी सहाला उठून घरचे आवरणारी सिस्टर दुपारी न झोपता रात्री आठला कामावर आली, तर अकरालाच तिचे जागेपणाचे 17 तास भरतात. एवढ्या जागरणाने रक्तात 0.05 टक्के मद्य असल्याइतका हात-नजरेचा मेळ बिघडतो, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 1997 साली दाखवले. पहाटे चारला 22 तास होतात, आणि नेमकी तेव्हाच झोपेची ओढ सर्वाधिक असते. आठ तासांच्या रात्रपाळीतही ही पहाट चुकत नाही. पण ती दहाला सुरू होत असल्याने संध्याकाळी दोन तास पडता येते. शिवाय चार्ज देईपर्यंत बाराचे साडेबारा तास सहज होतात. अमेरिकेतील परिचारिकांच्या 2004 सालच्या पाहणीत साडेबारा तासांपुढे चुकांची शक्यता सुमारे तिप्पट आढळली.

माझे मत असे की रात्री सिस्टर एकटी असेल तर आठच तास ठेवावेत. दोघी असतील आणि आळीपाळीने तासभर आडवे होता येत असेल, तर बारा तास चालतील. पण सलग दोन रात्रींहून अधिक नकोत. सुटीच्या दिवशी ती दुसऱ्या रुग्णालयात ड्युटी करत असेल, तर आपले 42 तास कागदावरच राहिले. (पगार पुरत नाही, हे त्याचे कारण चालकांनाही ठाऊक असते.) पहाटेच्या नोंदींत सगळ्या रुग्णांचा रक्तदाब 120/80 दिसू लागला, तर रागावण्याआधी वेळापत्रक काढून बघावे.

एसटीची अडचण खरीच आहे. दहाला सुटणारी ड्युटी शक्यतो गावातल्या सिस्टरला द्यावी. बाहेरगावच्या सिस्टरवर ती आलीच, तर रुग्णालयातच आतून कडी लागणारी खोली आणि एक खाट तिच्यासाठी ठेवावी.