पाळी चुकली नाही तोच...

दिवस राहिल्यावर सारखी लघवीला का होते, असे विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते. गर्भाशय वाढते आणि मूत्राशयावर दाबते. उत्तर चुकीचे नाही, पण अर्धे आहे, आणि पहिल्या काही आठवड्यांत तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. पाळी चुकून आठवडा होतो तेव्हा गर्भाशय नेहमीपेक्षा जेमतेम मोठे झालेले असते. पोटावरून हाताला लागत नाही, मग ते दाबणार कशाला? तरी बाई रात्री दोनदा उठते आणि छाती इतकी जड होते की कुशीवर झोपणे नकोसे वाटते. या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध नाही असे वाटते खरे, पण दोन्हींचा उगम एकाच ठिकाणी आहे.

समजा, एका बाईची पाळी 1 जूनला आली आणि तिचे चक्र 28 दिवसांचे आहे. साधारण 15 जूनला तिच्या अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडेल. ज्या पुटकुळीतून ते बाहेर पडले, तिची रिकामी जागा तशीच वाया जात नाही. तिथे पिवळसर रंगाची एक छोटी ग्रंथी तयार होते, तिला पीतपिंड म्हणतात. ही ग्रंथी प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही दोन्ही संप्रेरके तयार करते. तिचे आयुष्य जेमतेम दोन आठवड्यांचे. गर्भ राहिला नाही तर ती सुकते, प्रोजेस्टेरॉन खाली येते आणि 29 जूनच्या आसपास पाळी येते.

पण या बाईला दिवस राहिले. 23-24 जूनच्या सुमारास गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो आणि त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक रक्तात सोडू लागतात. घरच्या टेस्टच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती याच्यामुळे. सुरुवातीच्या दिवसांत त्याचे प्रमाण साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. एचसीजीचे काम एकच, पण निर्णायक: मरायला टेकलेल्या पीतपिंडाला जगवणे. पुढे वार सक्षम होईपर्यंत, म्हणजे सातव्या ते नवव्या आठवड्यापर्यंत, गर्भाची सारी भिस्त या ग्रंथीवर असते. सात आठवड्यांच्या आत ती काढून टाकली आणि बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिले नाही, तर गर्भ टिकत नाही.

आधी छातीचे बघू, कारण ते समजायला सोपे आहे. पाळीच्या आधी आठ-दहा दिवस अनेकींना छाती जड वाटते, दुखते. तेही पीतपिंडाचेच काम असते. प्रोजेस्टेरॉन वाढले की दूध तयार करणाऱ्या खंडिकांमधल्या पेशी विभागू लागतात, आजूबाजूच्या ऊतींत पाणी साठते, रक्तवाहिन्या रुंदावतात. पाळी आली की संप्रेरके उतरतात, नव्या पेशी झडतात आणि जडपणा जातो. दर महिन्याला हे चालते आणि दर महिन्याला आवरते. या वेळी मात्र ते आवरले जात नाही. संप्रेरके वाढतच राहतात. इस्ट्रोजेनमुळे दुधाच्या नलिका लांबतात आणि त्यांना फांद्या फुटतात, प्रोजेस्टेरॉनमुळे त्यांच्या टोकांशी दूध तयार करणाऱ्या पिशव्या वाढतात, आणि या वाढीला लागणारे रक्त तिकडे वळते. म्हणून पहिल्या चिन्हांत आणि पाळीपूर्वीच्या दुखण्यात फरक करता येत नाही. अनेकजणी सांगतात, ‘पाळी येणारच असं वाटत होतं.’ त्यांचे काहीच चुकत नाही. पाळीपूर्वीचा तोच जडपणा असतो, फक्त तो थांबत नाही. सहा-आठ आठवड्यांत टोचल्यासारखे होते, निळ्या शिरा दिसू लागतात, स्तनाग्राभोवतीचा भाग गडद होतो आणि त्यावरचे बारीक उंचवटे ठळक होतात. त्या उंचवट्यांना माँटगोमेरी यांचे नाव आहे; डब्लिनच्या या प्रसूतितज्ज्ञाने 1837 मध्ये गर्भारपणाच्या लक्षणांवरच्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले.

आता लघवी. पीतपिंड आणखी एक संप्रेरक सोडते: रिलॅक्सिन. त्याच्या प्रभावाने शरीरभरच्या रक्तवाहिन्या सैलावतात, मूत्रपिंडांच्या तर लवकरच. मूत्रपिंडांकडे जास्त रक्त जाते आणि गाळण्याचा वेग गर्भधारणेनंतर दोन-तीन आठवड्यांतच साधारण पाव पटीने वाढतो. पहिल्या तिमाहीच्या अखेरीस तो 40 ते 50 टक्क्यांनी वाढलेला असतो. गर्भाशय अजून ओटीपोटातच असताना हे सारे सुरू होते. याचा चांगला पुरावा दात्याच्या स्त्रीबीजापासून गर्भ राहिलेल्या, पण स्वतःची अंडाशये काम करत नसलेल्या स्त्रियांमध्ये मिळाला. त्यांच्यात पीतपिंड नसते, म्हणून रिलॅक्सिनही नसते, आणि त्यांच्या मूत्रपिंडांचा वेग तितका वाढत नाही.

इथे एक खुलासा करायला हवा. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, पण बहुतेक पाणी परत शोषून घेतले जाते. बाहेर पडते ते दीड-दोन लिटर. त्यामुळे गाळणे पाव पटीने वाढले म्हणून लघवी पाव पटीने वाढते, असे नाही. दुसरे कारण मेंदूत आहे. याच काळात तहानेचा उंबरठा खाली येतो. एरवी रक्त थोडे दाट झाले की तहान लागते; आता रक्त तितके दाट नसतानाही लागते. बाई जास्त पाणी पिते, रक्त किंचित पातळ होते आणि शरीर त्यालाच नवे सामान्य मानते. रात्री आडवे झाल्यावर पायांकडे साठलेला द्रव परत रक्तात येतो, म्हणून झोपमोडही होते.

दाब येतो तो यानंतर. आठव्या आठवड्यात गर्भाशय संत्र्याएवढे होते आणि ओटीपोटाच्या चिंचोळ्या जागेत मूत्राशयाच्या माथ्यावर बसते. आपल्या उदाहरणात 24 ऑगस्टला बारा आठवडे पूर्ण होतात. त्या सुमारास गर्भाशय हाडांच्या वर चढते आणि अनेकींना हायसे वाटते. शेवटच्या आठवड्यांत बाळाचे डोके खाली उतरले की तक्रार परत येते.

तीन गोष्टींत मात्र ‘गर्भारपणात व्हायचंच’ म्हणून गप्प बसू नये. लघवी करताना जळजळ, उन्हाळी लागल्यासारखे वाटणे, रक्त दिसणे, ताप किंवा कुशीत दुखणे हे जंतुसंसर्गाचे लक्षण आहे. प्रोजेस्टेरॉनमुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, लघवी रेंगाळते आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढायला वाव मिळतो. दुसरी गोष्ट उलटी: मागे झुकलेले गर्भाशय बारा-चौदा आठवड्यांच्या सुमारास ओटीपोटात अडकले, तर लघवी होतच नाही किंवा थेंबथेंब होते. हे क्वचित होते, पण त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. तिसरी छातीची: दोन्हीकडचा जडपणा स्वाभाविक, एकाच बाजूची घट्ट गाठ नाही. गर्भारपणातही स्तनांची सोनोग्राफी सुरक्षितपणे करता येते.

रक्ताचा रिपोर्टही नीट वाचावा लागतो. गाळण्याचा वेग वाढल्याने क्रिएटिनिन 0.5 च्या आसपास उतरते. एरवी चालून जाणारा 0.9 हा आकडा गर्भारपणात डॉक्टरांना पुन्हा विचारण्याजोगा असतो.

सारखे उठावे लागते म्हणून पाणी कमी पिऊ नका. बसचा प्रवास असो वा शाळेतली नोकरी, लघवी धरून ठेवू नका. रात्रीचे पाणी थोडे लवकर संपवा, दिवसभराचे तोडू नका. आणि पहिल्या तपासणीला गेलात की लघवीचे कल्चर होणार आहे का, हे विचारा. काही गर्भवतींच्या लघवीत कोणताही त्रास न देता जंतू असतात. उपचार न केल्यास त्यांतल्या बऱ्याच जणींना मूत्रपिंडाचा संसर्ग होतो, आणि ते या एका तपासणीने टळू शकते.