चुकलेलं उत्तर चालेल, कोरं पान नको

जुलै-ऑगस्ट हा कॉलेजात मंडळांच्या उद्घाटनांचा हंगाम. सरस्वतीच्या तसबिरीला हार, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ. मग समोर बसलेल्या एफ.वाय.च्या मुलांना सांगितलं जातं की या व्यासपीठाचा लाभ घ्या. लाभ घ्यायचा म्हणजे करायचं काय, हे सांगायचं राहून जातं. अभ्यास मंडळाच्या स्वागताच्या भाषणात खरं तर तेवढंच सांगण्यासारखं असतं: कधी भेटायचं, येताना काय आणायचं आणि एकत्र बसल्यावर काय करायचं.

आपल्याकडे ‘मंडळ’ म्हटलं की व्याख्यान आठवतं. त्याला जुनी परंपरा आहे. मुंबईत १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. तिथे निबंध वाचले जात, त्यांवर चर्चा होई, आणि पुढच्याच वर्षी त्या मंडळींनी मुलींच्या शाळाही सुरू केल्या. पण अभ्यास मंडळात वक्ता नसतो. पाच-सहा जण, एक टेबल आणि आधी सोडवून आणलेला एक प्रश्न, एवढाच त्याचा पसारा.

यातला ‘आधी सोडवून आणलेला’ हा भाग किती महत्त्वाचा आहे, ते अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात दिसलं. १९७० च्या दशकात तिथे यूरी ट्रिझमन या गणिताच्या संशोधकाला एका प्रश्नाने अस्वस्थ केलं होतं. कॅल्क्युलसच्या पहिल्या वर्षात कृष्णवर्णीय मुलं मोठ्या प्रमाणावर नापास होत आणि चिनी वंशाची मुलं पुढे जात. प्राध्यापकांकडे कारणं तयार होती: मुलांना जिद्द नाही, पाया कच्चा आहे, घरून पाठबळ नाही. ट्रिझमनने दोन्ही गटांतली वीस-वीस मुलं निवडली आणि ती अभ्यास कसा करतात हे त्यांच्या खोल्यांपर्यंत जाऊन पाहिलं. प्राध्यापकांचं एकही कारण टिकलं नाही. कृष्णवर्णीय मुलं मन लावून अभ्यास करत होती, पण जवळपास सगळी एकेकटी. चिनी वंशाची मुलंही आधी एकेकटीच बसत. फरक एवढाच की नंतर ती एकत्र येऊन उत्तरं ताडून बघत. चौघांचं उत्तर एक आणि आपलं भलतंच आलं, तर आपण कुठे घसरलो ते तिथल्या तिथे कळे. चौघेही अडले, तर प्रश्नच अवघड आहे हे कळे आणि आपणच मठ्ठ आहोत असं वाटून कोणी खचत नसे. एकट्याने बसणाऱ्याला हा फरक परीक्षेचा निकाल लागेपर्यंत समजायला मार्गच नव्हता.

ट्रिझमनने मग गटात बसायची कार्यशाळा सुरू केली. ‘कच्च्या मुलांचा वर्ग’ असं तिला कोणी म्हणू नये म्हणून त्याने मुद्दाम नेहमीपेक्षा कठीण प्रश्न दिले. निकाल चांगलेच सुधारले. आपल्याकडे ‘रेमेडियल’चा फलक लावला की मुलं त्या खोलीकडे फिरकत नाहीत, तेव्हा स्वागताच्या भाषणात हे मंडळ नापासांसाठी आहे असा वास येऊ न देणं हे वक्त्याचं मोठंच काम आहे.

आता प्रत्यक्ष बैठक. प्रथम वर्षाच्या अर्थशास्त्राचा प्रश्न घेऊ: एका बाजारात कांदा ४० रुपये किलो असताना दिवसाला १०० किलो खपतो, ५० रुपये असताना ८० किलो. मागणीची लवचिकता किती? प्रत्येकाने हे घरी, एकट्याने सोडवून वहीत लिहून आणायचं. बैठकीत पहिल्यांदा सगळ्यांनी फक्त उत्तरं वाचायची, कारणं नंतर. एकाचं येतं ०.८. त्याने किंमत ४० वरून ५० ला नेली: किंमत २५ टक्के वाढली, खप २० टक्के घटला. शेजारणीचं येतं १.२५. तिने किंमत ५० वरून ४० ला आणली: किंमत २० टक्के घटली, खप २५ टक्के वाढला. तिसरी म्हणते, उत्तर १. तिने टक्केवारी काढलीच नाही. ४० गुणिले १०० म्हणजे चार हजार आणि ५० गुणिले ८० म्हणजेही चार हजार. ग्राहकांचा एकूण खर्च बदलला नाही, म्हणजे लवचिकता एक.

बैठकीचा खरा ऐवज इथेच आहे. तिघांची आकडेमोड बरोबर, सूत्रं पाठ्यपुस्तकातली, तरी उत्तरं तीन. थोडा वेळ वाद झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात येतं की टक्केवारी कोणत्या आकड्यावर काढली यावर सगळं अवलंबून आहे. मग मधला आकडा धरून बघायचं सुचतं: किमतीची सरासरी ४५, बदल १०, खपाची सरासरी ९०, बदल २०. दोन्ही बदल सुमारे २२ टक्के, म्हणून लवचिकता एक. ही मध्यबिंदूची रीत पुस्तकात पुढच्याच पानावर असते, पण ती कशाला लागते हे तिथे क्वचितच जाणवतं. आणि हेही ध्यानात घ्यावं, की तिघांनी बैठकीतच सोबत बसून गणित सुरू केलं असतं, तर पहिल्याने ०.८ म्हटल्यावर बाकीच्यांनी माना डोलावल्या असत्या.

बैठक दीड तासाच्या वर नको. सुरुवातीची दहा मिनिटं वही-पुस्तक मिटून, मागच्या वेळचं आठवेल तेवढं लिहायचं. मुलांना हे फार जाचक वाटतं, पण त्याला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर सांगता आला, वाचणाऱ्यांना ४२. वाचून ‘समजलं’ असं वाटणं किती फसवं असतं, ते असं उघडं पडतं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची एक अडचण भाषणात नाव घेऊन सांगायला हवी. पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी; त्यामुळे ती बोलतच नाहीत. यावर साधा नियम पुरतो: वाद मराठीत घालायचा, शेवटी उत्तराच्या चार ओळी पेपराच्या भाषेत लिहायच्या.

मंडळं मोडतात तीही ठरावीक वाटांनी. सर्वांत नेहमीची वाट म्हणजे एका हुशार मुलाची शिकवणी होणं. तो फळ्यापाशी, बाकीचे उतरवून घेतायत आणि खोलीत कोणी कोणाला ‘हे का?’ विचारत नाही, असं दिसलं की ओळखावं. उपाय म्हणून खडू सर्वांत कमी बोललेल्याच्या हाती द्यायचा आणि हुशार मुलाने फक्त प्रश्न विचारायचे. दुसरी वाट जर्नलची: सबमिशनचा आठवडा आला की बैठकीत वह्या फिरू लागतात आणि अभ्यास थांबतो. त्या आठवड्यात बैठक सरळ रद्द करावी. गट फुगला तरी तेच होतं; आठ-नऊ जण झाले की दोघे-तिघे नुसते श्रोते बनतात, तेव्हा दोन गट करावेत. आणि कोरी वही घेऊन येणाऱ्याला हाकलायचं नाही, पण बाजूला बसून प्रश्न सोडवायचा, मगच टेबलापाशी यायचं, हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवावं. चुकलेलं उत्तर आणणाऱ्याला मात्र पहिली खुर्ची.

प्राध्यापकांनी काय करायचं, हाही प्रश्न मुलं विचारतातच. त्यांनी प्रश्न निवडायचा, खोलीची किल्ली द्यायची आणि बैठकीच्या शेवटच्या दहा मिनिटांत यायचं. गट जिथे खरोखर अडला असेल तेवढंच उलगडायचं. आधी आले तर सगळ्या माना त्यांच्याकडे वळतात.

एवढं सांगायला पंधरा मिनिटं पुरतात. उरलेल्या वेळात वक्त्याने कांद्याचा प्रश्न फळ्यावर लिहावा, पाच-पाच जणांच्या नावांच्या याद्या दाराशी लावाव्यात आणि पहिल्या बैठकीचा वार, वेळ, खोली क्रमांक सांगून चहाकडे वळावं.