उंदीर पडले तेव्हा

परवा संध्याकाळी भाची फणसवाडीतल्या आमच्या चाळीत आली आणि गॅलरीतल्या बाकड्यावर वही आपटून म्हणाली, "मावशी, कॉलेजात निबंध दिलाय. साध्य चांगलं असेल तर वाईट साधन चालतं का? हो लिहू की नाही लिहू?"

मी तिला विचारलं, "या गॅलरीत मेलेला उंदीर दिसला तर काय करशील?"

"झाडूवाल्याला हाक मारीन."

१८९६ साली गिरगावातल्या माणसाने बायकामुलांना घेऊन गाव गाठलं असतं. 'उंदीर पडले' या दोन शब्दांत तेव्हा सगळं येई. त्या सप्टेंबरात मांडवी बंदराजवळ गाठीचा ताप सुरू झाला. काखेत किंवा जांघेत गाठ, भणभणता ताप, आणि बहुतेकांना काही दिवसांतच मरण. पुढच्या काही महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला याच साथीत शोधावंसं वाटतं. कारण इथे साध्याबद्दल कुणाचाच वाद नव्हता. प्लेग थांबायला हवा हे सरकारला, डॉक्टरांना, गिरणी कामगाराला, सगळ्यांनाच मान्य होतं. साध्य एकच आणि साधनं मात्र वेगवेगळी, असा स्वच्छ प्रयोग इतिहासात क्वचित सापडतो.

पहिलं साधन पुण्यात वापरलं गेलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि प्लेग समितीचा प्रमुख म्हणून वॉल्टर रँड आला. मार्चपासून गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले. देवघर, स्वयंपाकघर, बायकांची खोली, काहीच वर्ज्य नव्हतं. संशय आला की माणूस इस्पितळात, घरचे छावणीत आणि सामान आगीत. रँडचा युक्तिवाद आजही ओळखीचा वाटेल: हजारोंचे जीव वाचणार असतील तर चार घरांची अब्रू गेली म्हणून काय झालं?

पण तो ज्याच्या मागे लागला होता, तो गुन्हेगार माणसांत नव्हताच. प्लेगचा जंतू उंदराच्या अंगावरची पिसू वाहून नेते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने ते १८९८ साली कराचीत दाखवलं, आणि सर्वमान्य व्हायला त्यानंतरही कित्येक वर्षं गेली. म्हणजे सोजीर घरातली माणसं बाहेर काढत होते आणि उंदीर त्यांच्या पायांमधून शेजारच्या घरात जात होते. वर लोक धास्तावून आजारी माणूस लपवू लागले, त्यामुळे रोग कुठे आहे तेही कळेना. साधनाने साध्यच खाल्लं.

दुसरं साधन पाहायला फणसवाडीतून अर्ध्या तासाची चाल पुरते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, एका लहानशा जागेत वाल्देमार हाफकिन लस तयार करत होता. ओडेसाचा हा ज्यू शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आला. त्याची कृती ऐकून भाचीचे डोळे विस्फारले, कारण तिच्यात चक्क तूप होतं. मांसाच्या रसाने भरलेल्या चंबूत तो तुपाचे थेंब सोडी. थेंब वर तरंगत, आणि त्यांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबू लागे, गुहेच्या छताला चुनखडीच्या सुया लोंबतात तशी. चंबूला जरा धक्का लागला की त्या सुया हिमासारख्या भुरभुरत तळाशी जात. अशी झालर लोंबली, म्हणजे चंबूत वाढतोय तो प्लेगचाच जंतू, ही त्याची खूण. पुरेशी वाढ झाली की सुमारे ७० अंश सेल्सिअसला तासभर तापवून तो जंतू मारी. मेलेल्या जंतूंचा हा काढा म्हणजेच लस.

सशांवर ती चालली. माणसावर चालेल का? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने १० घन सेंटिमीटर लस स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. पुढे इतरांना दिली गेलेली मात्रा याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होती. ताप चढला, टोचलेली जागा ठणकली, मग दोन्ही ओसरलं.

"मग हाच आदर्श," भाची म्हणाली. "लिहून टाकते."

थांब म्हटलं. एक माणूस जगला यावरून लस मारत नाही एवढंच कळतं. ती वाचवते का, हे कळायला पुष्कळ माणसं हवीत, आणि त्यांच्याभोवती प्लेग हवा. जानेवारी सरता सरता भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. एकच इमारत, एकच अन्न, एकच धोका. हाफकिनने कैद्यांना विचारलं. १५४ जण पुढे आले आणि १७७ जण आले नाहीत. टोचलेल्यांपैकी तिघांच्या अंगात रोग आधीच होता, ते वाचले नाहीत. ते सोडून उरलेल्या १५१ जणांपैकी पुढे दोघे आजारी पडले आणि दोघेही बरे झाले. न टोचलेल्या १७७ पैकी १२ आजारी पडले आणि ६ मेले. शेकडा हिशेब केला तर एकीकडे सव्वा, दुसरीकडे जवळजवळ सात.

साधन आणि साध्य इथे इतकं जवळ आलं की शिवण दिसेना. तरी बोट फिरवलं की ती लागतेच. कैद्याच्या 'हो'ला किती वजन द्यायचं? ज्याला दार उघडून जाता येत नाही, त्याची संमती मोकळी असते का? हाफकिनच्या बाजूने इतकं म्हणता येतं, की धोका त्याने आणला नव्हता, तो तुरुंगात आधीच होता. त्याने सुई आधी स्वतःला लावली होती. आणि 'नाही' म्हणणाऱ्या १७७ जणांचं 'नाही' त्याने ऐकलं. पुण्यात यातलं एकही नव्हतं.

मला वाटतं, साध्याची ढाल पुढे करणारा माणूस एक गोष्ट गृहीत धरतो: साध्य हाती येणारच. रँडला तशी खात्री होती. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत त्याच्यावर गोळी झाडणाऱ्या चापेकरांनाही होती. त्या रात्री मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला आणि रँड ३ जुलैला गेला. प्लेग पुण्यात आणखी वर्षानुवर्षं येत राहिला. साध्य उद्याच्या पोटात असतं आणि साधन आज हातात असतं. म्हणून साधनाला त्याचे स्वतःचे प्रश्न विचारावे लागतात: झळ कुणाला बसणार, त्याला नकार देता येईल का, आणि आपला अंदाज चुकला तर मागे फिरता येईल का?

भाचीने तिन्ही प्रश्न उतरवून घेतले. मग पेन थांबवून म्हणाली, "पण मावशी, लस चालते हे कळलं ते त्या मेलेल्या सहा जणांमुळेच ना? ते नसते तर तुलना कशाशी केली असती? ते तर 'नाही' म्हणाले होते. तरी प्रयोगात होतेच की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. "इथूनच सुरू कर," मी म्हटलं. तिने वहीचं पान फाडलं आणि नव्या पानावर वर आधी आकडा लिहिला: १७७.