रेबीज : लसीआधीचे पंधरा दिवस

1954 साली इराणमधील एका खेड्यात पिसाळलेल्या लांडग्याने एकाच रात्री 29 जणांना चावे घेतले. अनेकांच्या डोक्याला व चेहऱ्याला खोल जखमा होत्या. तेहरानच्या पाश्चर संस्थेत डॉ. बाल्ताझार आणि डॉ. बहमन्यार यांनी डोक्याला जखमा झालेल्यांपैकी पाच जणांना केवळ लस दिली. त्यांतील तिघे दगावले. इतरांना लसीसोबत रेबीजविरोधी सीरमही दिले. त्यांच्यात एकच मृत्यू झाला.

हा फरक काळाचा होता. लस टोचल्यावर शरीर स्वतः प्रतिपिंडे तयार करते. परंतु ती पुरेशी होण्यास साधारण सात ते चौदा दिवस लागतात. दरम्यान जखमेतील विषाणू मज्जातंतूत शिरला की मेंदूकडे त्याचा प्रवास सुरू होतो. चेहरा, मान व बोटे येथे मज्जातंतू दाट असतात, आणि चेहऱ्यापासून मेंदूचे अंतरही थोडे असते. म्हणून या मधल्या काळासाठी तयार प्रतिपिंडे, म्हणजेच इम्युनोग्लोब्युलिन, बाहेरून द्यावी लागतात. हे उसने भांडवल तात्काळ कामी येते, पण काही आठवड्यांत सरते. तोवर लसीने मिळवून दिलेली स्वकमाई उभी राहिलेली असते.

समजा, 15 किलो वजनाच्या बालकाच्या गालाला कुत्रा चावून रक्त आले. प्रथम जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना वा मिरची मुळीच लावू नये. मानवी इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा किलोमागे 20 एकक, म्हणजे या बालकास 300 एकक. घोड्यापासून केलेल्याची किलोमागे 40, म्हणजे 600 एकक. हे औषध जखमेत व तिच्या भोवती टोचावे लागते, कारण विषाणू तेथेच असतो. जखमा अनेक असल्यास मात्रा न वाढवता ते सलाइनमध्ये पातळ करतात. अधिक मात्रेने लसीचा परिणाम मंदावतो. टाके शक्यतो टाळतात; अटळ असल्यास ते या औषधानंतरच, सैलसर घालतात.

त्याच दिवशी लसीची पहिली मात्रा वेगळ्या जागी, दंडात किंवा लहान मुलास मांडीत देतात, कुल्ल्यात नाही. स्नायूत द्यावयाच्या पुढील मात्रा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी असतात.

इम्युनोग्लोब्युलिन पहिल्या दिवशी उपलब्ध झाले नाही, तर लसीच्या पहिल्या मात्रेपासून सातव्या दिवसापर्यंत देता येते. त्यानंतर स्वतःची प्रतिपिंडे निर्माण होऊ लागतात व बाहेरच्या पुरवठ्याचे प्रयोजन उरत नाही. ज्याने पूर्वी रेबीजची लस पूर्ण घेतली आहे, त्यासही या औषधाची गरज नसते. त्याचे शरीर लसीच्या दोन मात्रांनीच त्वरेने जागे होते.

दवाखान्यात ‘इंजेक्शन दिले’ एवढेच कळले तर ते पुरेसे नाही. रक्त आलेल्या चाव्यात जखमेतही औषध टोचले की केवळ दंडात, हे पालकांनी स्पष्ट विचारावे. लक्षणे एकदा दिसू लागली, की लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही निष्फळ ठरतात.