सर्वांसमक्ष ठरणारं गुपित

पन्नास-साठ वर्षांपूर्वी दोन ठिकाणच्या माणसांना सांकेतिक लिपीत बोलायचं असेल, तर आधी किल्लीची ने-आण करावी लागे. किल्ली म्हणजे मजकूर बंद करायला आणि उघडायला वापरली जाणारी संख्या. ती तारेवरून पाठवली तर वाटेत कान लावून बसलेल्यालाही मिळणार, म्हणून विश्वासू माणूस ती घेऊन प्रवास करी. ज्यांची कधी गाठच पडलेली नाही, त्यांनी काय करायचं?

याचं उत्तर व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोघांनी 1976 मध्ये एका शोधनिबंधात मांडलं. बर्कलीत शिकणाऱ्या राल्फ मर्कलने त्याआधीच या दिशेने विचार सुरू केला होता. ब्रिटनच्या गुप्तवार्ता संस्थेतल्या माल्कम विल्यमसनला तर हीच रीत 1974 मध्ये सापडली होती, पण ती 1997 पर्यंत सरकारी कपाटातच राहिली.

ही रीत कागद-पेन्सिल घेऊन करून पाहता येते. मेधा आणि इम्रान एकमेकांना ओळखत नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते दोन संख्या ठरवतात: 29 आणि 2. पहिली मूळ संख्या आहे. यापुढे कोणतंही उत्तर आलं, की त्याला 29 ने भागायचं आणि फक्त बाकी ठेवायची.

मेधा मनात 5 धरते. दोनाचा पाचवा घात 32, बाकी 3. ती मोठ्याने ‘3’ म्हणते. इम्रान मनात 12 धरतो. दोनाचा बारावा घात 4096, बाकी 7. तो ‘7’ म्हणतो. आता मेधा इम्रानच्या 7 चा पाचवा घात काढते: 16807, बाकी 16. इम्रान मेधाच्या 3 चा बारावा घात काढतो: 531441, बाकी 16.

दोघांकडे 16 आला आणि तो कुणीच उच्चारला नाही. कारण साधं आहे. दोनाचा आधी पाचवा आणि मग त्याचा बारावा घात काढला काय, किंवा उलट क्रमाने काढला काय, शेवटी साठावाच घात होतो.

ऐकणाऱ्याकडे 29, 2, 3 आणि 7 आहेत. दोनाचा कितवा घात घेतला की बाकी 3 उरते, एवढं त्याला शोधायचं आहे. इथे एकेक घात तपासत गेलं तर पाचव्या पायरीलाच उत्तर मिळतं. मात्र 29 च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची संख्या घेतली, की चित्र पालटतं. घात काढणाऱ्याला काही हजार गुणाकार पुरतात, संगणक ते क्षणात करतो. उलट वाटेने मूळ घात शोधण्याची व्यवहारात जमेल अशी पद्धत आजच्या संगणकांसाठी कुणाला सापडलेली नाही.

संख्या लहान ठेवली की काय होतं, हे 2015 मध्ये दिसलं. अमेरिकेच्या जुन्या निर्यात-निर्बंधांमुळे 155 अंकी संख्या वापरणारी दुबळी सोय अनेक सर्व्हरांत शिल्लक होती आणि त्यांतले बहुतेक सर्व्हर त्याच त्या मोजक्या संख्या वापरत. संशोधकांनी अशा एका संख्येवर सुमारे आठवडाभर आकडेमोड करून ठेवली. त्यानंतर तीच संख्या वापरणारा प्रत्येक नवा संवाद फोडायला त्यांना साधारण मिनिटभर लागे. या हल्ल्याला ‘लॉगजॅम’ असं नाव पडलं. पुढे ब्राउझरांनी लहान संख्या नाकारायला सुरुवात केली.

मोठी संख्या घेऊनही एक भोक उरतं. समजा, एक ठक मधेच उभा आहे आणि निरोप बदलू शकतो. तो मनात 3 धरतो. दोनाचा तिसरा घात 8. मेधाला तो ‘हा इम्रानचा आकडा’ म्हणून 8 देतो, इम्रानला ‘हा मेधाचा’ म्हणून 8 देतो. मेधाचं गणित 27 वर येतं, इम्रानचं 24 वर. ठकाला दोन्ही काढता येतात: 3 चा तिसरा घात 27, आणि 7 चा तिसरा घात 343, बाकी 24. मग तो मेधाचा मजकूर 27 ने उघडतो, वाचतो, 24 ने बंद करून पुढे धाडतो. दोघांना कसलीच शंका येत नाही.

गणितात चूक झालेली नाही. समोरचा कोण आहे, हे या रीतीत कुठे तपासलंच जात नाही, एवढंच. म्हणून बँकेच्या संकेतस्थळाला आपल्या आकड्यावर डिजिटल सही करावी लागते. ती सही बँकेचीच असल्याची ग्वाही एका प्रमाणपत्रातून मिळते आणि ब्राउझर ते तपासतो. व्हॉट्सॲपवर हे काम वापरणाऱ्यांना स्वतः करता येतं. संपर्काच्या माहितीत 60 अंकी सुरक्षा कोड असतो. समोरासमोर बसून किंवा ओळखीच्या आवाजात फोनवर तो ताडून पाहायचा. मधे ठक असेल, तर दोन फोनांवरचे अंक जुळत नाहीत.