फोटोतल्या नकाशावरचा चढ

सह्याद्रीतल्या अनवट घाटवाटेचा बेत ठरला की गटातलं कुणीतरी टोपोशीटचा फोटो पाठवतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा, त्यावर तपकिरी समोच्च रेषांचं जाळं, आणि मोबाइलवर टिपलेला त्याचा एक तुकडा. मग प्रश्न येतो, ‘ही सोंड चढता येईल का?’ उत्तर त्या तुकड्यातच असतं, पण ते काढायची सुरुवात बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून करतात.

1:50,000 म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर 50 मीटर. हे खरं आहे ते कागदापुरतं. फोटो काढला, स्क्रीनवर चिमटीने मोठा केला की त्या आकड्याचा आधार सुटतो. टिकते ती समासात छापलेली रेषीय मोजपट्टी, कारण नकाशा जेवढा ताणला जातो तेवढीच तीही ताणली जाते. म्हणून फोटो मागतानाच मी सांगतो, समास कापू नका.

अशाच एका सोंडेचं गणित पाहू. झूम न हलवता स्क्रीनवर पट्टी धरली. मोजपट्टीवरचा एक किलोमीटर भरला 31 मिलिमीटर, म्हणजे इथे एक मिलिमीटर सुमारे 32 मीटरचा. सोंडेचा पायथा आणि वरचा माळ यांत 19 मिलिमीटर, म्हणजे आडवं अंतर साधारण 613 मीटर.

आता उंची. या शीटवर समोच्च रेषांमधलं अंतर 20 मीटर आहे, तेही समासातच लिहिलेलं असतं. दर पाचवी रेषा जाड असते आणि तिच्यावर आकडा असतो. फोटोत बारीक रेषा एकमेकींत मिसळतात, म्हणून आधी जाड रेषा गाठायच्या आणि तिथून मागेपुढे मोजायचं. पायथा 640च्या रेषेवर होता. माळ 880 आणि 900 यांच्या मधोमध, म्हणून 890 धरला. चढ 250 मीटर.

250 भागिले 613 म्हणजे 0.41. शंभर मीटर आडवं जाताना 41 मीटर वर, कोनात सुमारे 22 अंश. तेच 19 मिलिमीटर थेट 50ने गुणले असते तर अंतर 950 मीटर आलं असतं आणि उतार पंधरा अंशांच्याही आत. बावीस अंशांची सोंड पाठीवर पिशवी घेऊन चढणाऱ्याला हा फरक पहिल्या अर्ध्या तासातच कळतो.

या उत्तरात थोडी ढिलाई आहेच. मोजताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे, माळाची उंची दहा मीटर वरखाली, म्हणजे खरा उतार साधारण 21 ते 24 अंशांत कुठेही असेल. फोटो तिरका असला तर चूक याहून वाढते. ते ओळखण्याची युक्ती सोपी आहे. शीटवर पाच-पाच मिनिटांवर अक्षांश-रेखांशांच्या रेषा असतात. पुण्याच्या अक्षांशावर त्यांचा चौकोन कागदावर उभा साधारण 18.4 आणि आडवा 17.6 सेंटिमीटर असतो. फोटोत त्याची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा स्पष्टपणे आखूड दिसली, तर कॅमेरा कललेला होता. मग तळाच्या मोजपट्टीने वरच्या भागातलं अंतर मोजलं तर ते कमी भरतं आणि चढ आहे त्याहून उभा वाटतो. अशा वेळी सोंड ज्या चौकोनात आहे, त्याच्याच बाजूंवरून प्रमाण काढावं.

पण 22 अंश ही सरासरी आहे, आणि सह्याद्रीत सरासरीवर विसंबता येत नाही. इथला डोंगर लाव्हाच्या आडव्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा: कातळकडा, मग पट्टा, पुन्हा कडा. म्हणून अंतराचे तुकडे पाडायचे. आपल्या सोंडेवर पहिले 100 मीटर चढायला 12 मिलिमीटर लागतात. तो उतार पंधरा अंशांच्या आत, गुरं चरतात तसला. उरलेले 150 मीटर फक्त 7 मिलिमीटरमध्ये, म्हणजे जवळपास 34 अंश. त्यातही 780 ते 840च्या रेषा एका मिलिमीटरमध्ये कोंबलेल्या आहेत. 32 मीटर आडव्या अंतरात 60 मीटर उंची, म्हणजे साठ अंशांच्या वर. एवढ्या छोट्या अंतराचा नेमका कोन फोटोवरून सांगता येणार नाही, पण तिथे कातळ आहे हे नक्की.

मग त्या कोंबलेल्या रेषा बाजूला कुठे विरळ होतात ते बघायचं. बहुधा शेजारच्या घळीत होतात, जिथे रेषा डोंगराच्या पोटात टोकदार वळतात. वाट असेल तर तिथे असण्याची शक्यता जास्त. मात्र पंधरा मीटरचा कडा दोन रेषांच्या मधे मावतो आणि नकाशावर त्याची खूणही उमटत नाही. विरळ दिसणाऱ्या घळीतही असा टप्पा असू शकतो, म्हणून ती घळ नकाशावर खूण करून ठेवायची आणि पायथ्याच्या वाडीत गुराख्याला विचारायचं, गुरं तिथून वर जातात का.