तेल कुठे सुटते, त्यावर सारे

आयबीएस असलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी पेपरमिंट तेलाची कॅप्सूल लिहून दिली, की घरात कोणीतरी म्हणतेच, ‘पुदिनाच ना? मग काढा करून घे, कॅप्सूल कशाला?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट समजले, तर हे औषध कसे काम करते, कसे फसते आणि कोणी घेऊ नये, हे सगळेच उलगडते.

आधी वनस्पतीविषयी थोडेसे. आपण चटणीत घालतो तो पुदिना सहसा स्पिअरमिंटच्या जातीचा असतो आणि त्याच्या वासात मेंथॉल फारच कमी असते. पेपरमिंट हा स्पिअरमिंट आणि पाणथळ जागी वाढणारा वॉटरमिंट यांचा संकर. त्याच्या तेलात मेंथॉल भरपूर असते आणि पोटातल्या कळेवर मुख्यत्वे हे मेंथॉलच काम करते. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या परिसरात मोठ्या प्रमाणावर होते ती मेंथा शेती आणखी वेगळ्या जातीची आहे. तिच्यातूनही मेंथॉल निघते, पण आयबीएसवरचे प्रयोग पेपरमिंटच्या तेलावर झालेले आहेत.

आता कळ म्हणजे काय ते पाहू. आतड्याच्या भिंतीत आपल्या इच्छेवर न चालणारे स्नायू असतात. ते आळीपाळीने आवळतात, सैल होतात आणि अन्न पुढे सरकते. आयबीएसमध्ये आतड्याला जखम, सूज किंवा गाठ नसते. पण काही जणांत हे स्नायू जास्त जोराने, अवेळी आवळतात, आणि आतड्याच्या मज्जातंतूही इतक्या हळव्या झालेल्या असतात, की एरवी जाणवलाही नसता असा ताण त्यांना वेदना म्हणून कळतो. म्हणून सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या निर्दोष येतात, पण जेवणानंतर पोटात मुरडा पडायचा तो पडतोच.

स्नायूच्या पेशीला आवळायचे असेल, तर तिच्या आत कॅल्शियम शिरावे लागते. ते शिरण्याच्या वाटा मेंथॉल अडवते. कॅल्शियम आत गेले नाही, की आवळणे सौम्य होते. रक्तदाबावरच्या काही गोळ्याही रक्तवाहिन्यांत याच तत्त्वावर काम करतात. मेंथॉलचा दुसरा परिणाम मज्जातंतूंवर होतो. त्वचेवर लावल्यावर गार वाटते, कारण ते थंडी ओळखणाऱ्या ग्राहकांना चेतवते. आतड्यातही असे ग्राहक आहेत, आणि ते चेतले की वेदनेचा निरोप थोडा मंदावतो, असे आज मानले जाते.

हे सगळे कागदावरचे नाही. मोठ्या आतड्यात दुर्बीण घालताना आतडे अचानक आकसते आणि दुर्बीण पुढे जात नाही, ही डॉक्टरांची नेहमीची अडचण. 1982मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या दोन डॉक्टरांनी नोंदवले, की दुर्बिणीतून पेपरमिंटचे तेल थेट आकसलेल्या भागावर सोडले, तर अर्ध्या मिनिटाच्या आत तो भाग सैल पडतो. तेल भिंतीला थेट लागले, म्हणून परिणाम डोळ्यांदेखत दिसला.

इथेच काढ्याचा मुद्दा निकालात निघतो. तोंडाने घेतलेले उघडे तेल जठरात पसरते आणि लहान आतड्याच्या वरच्याच भागात झपाट्याने शोषले जाते. तिथून ते यकृतात पोहोचते, यकृत त्याचे रूप बदलते आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. ज्या खालच्या भागात कळ आहे, तिथपर्यंत फारसे काही उरत नाही. म्हणून तेल अशा कॅप्सूलमध्ये भरतात, जिचे आवरण जठराच्या तीव्र आम्लात विरघळत नाही, पण पुढे आतड्यात आम्लता घटली की विरघळते. पाकिटावर याला ‘एन्टरिक कोटेड’ म्हटलेले असते. या कॅप्सूलने पोटाची कळ कमी होते, असे दाखवणारा ब्रिटनच्या कार्डिफमधला छोटा प्रयोग 1979मध्ये प्रसिद्ध झाला आणि तिथून या औषधाची वाटचाल सुरू झाली.

नेहमीच्या कॅप्सूलमध्ये 0.2 मिलिलिटर, म्हणजे सुमारे 180 मिलिग्रॅम तेल असते. प्रौढांनी दिवसातून तीनदा एकेक घ्यायची असते, गरज पडली तर डॉक्टर दोन-दोन सांगतात. ती जेवणाआधी अर्धा ते एक तास, पाण्याबरोबर, न चावता अख्खी गिळायची. यात जेवणाआधीची अट सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्वाधिक मोडली जाते.

एक उदाहरण घेऊ. समजा, पस्तिशीतल्या एक शिक्षिका आहेत. दोन वर्षांपासून दुपारच्या डब्यानंतर ओटीपोटात डावीकडे कळ येते आणि शौचाला जाऊन आले की बरे वाटते. तपासण्या झाल्या, आयबीएसचे निदान झाले, कॅप्सूल सुरू झाली. आपल्याकडे गोळी जेवणानंतर घ्यायची, हे अंगवळणी पडलेले असते. त्यांनीही तेच केले. शिवाय ॲसिडिटीसाठी कधीकाळी सुरू झालेली पॅन्टोप्राझोलची गोळी त्या रोज सकाळी घेतच होत्या आणि रात्री जळजळ वाटली की अँटासिडचे पातळ औषधही. चार दिवसांत पुदिन्याच्या वासाचे ढेकर येऊ लागले, छातीत जळजळ वाढली, आणि पोटाची कळ मात्र जशीच्या तशी. ‘मला हे औषध सोसत नाही,’ म्हणून त्यांनी ते सोडून दिले.

घडले ते असे. भरल्या पोटी जठरातले आम्ल अन्नात मिसळून काही काळ सौम्य होते आणि कॅप्सूलही तिथे अधिक वेळ रेंगाळते. पॅन्टोप्राझोल आम्ल तयारच होऊ देत नाही, अँटासिड असलेले आम्ल मारते. आवरणाला बाहेरचे आम्ल कमी झाले, एवढीच खूण कळते. ती जठरातच मिळाली, म्हणून कॅप्सूल तिथेच उघडली. तेल सुटले आणि अन्ननलिका व जठर यांच्या मधल्या झडपेच्या स्नायूलाच त्याने सैल केले. झडप सैल पडली, की जठरातले वर येते. पुदिन्याचा ढेकर ही कॅप्सूल चुकीच्या जागी उघडल्याची साधी, खात्रीची खूण आहे. याउलट शौचाच्या वेळी गुदद्वाराशी आग होत असेल, तर काही तेल न शोषता शेवटपर्यंत पोहोचले, असे समजावे. जुलाब होत असताना हे जास्त घडते.

या शिक्षिकांनी पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन एकच गोष्ट ठरवून घ्यायला हवी: पॅन्टोप्राझोलची खरोखर गरज आहे का? अन्ननलिकेचा खरा त्रास असेल, तर ती गोळी चालू राहील आणि पेपरमिंट त्यांच्यासाठी नाही, वेदनेवर दुसरे औषध शोधावे लागेल. गोळी नुसती सवयीने चालू असेल, तर डॉक्टर ती हळूहळू बंद करतील. ती मनाने एकदम सोडू नये, कारण मग आम्ल उसळी मारते. त्यानंतर कॅप्सूल डब्याच्या पाऊण तास आधी घ्यायची, अँटासिड लागलेच तर त्यात दोन तासांचे अंतर ठेवायचे आणि किती दिवस कळ आली, ते वहीत लिहायचे. महिनाभरात कळेचे दिवस घटले नाहीत, तर औषध आपले नाही असे समजून थांबावे. फरक पडला, तरी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तीन महिन्यांपुढे नेऊ नये.

छातीत सतत जळजळ होणारे आणि हायेटस हर्निया असलेले लोक यातून का वगळावेत, हे आता वेगळे सांगायला नको. ज्यांच्या जठरात मुळातच आम्ल तयार होत नाही, त्यांनाही तेच लागू. पित्ताशयात खडे असतील, पित्तनलिका अडलेली असेल किंवा तिला सूज असेल, तर हे तेल पित्ताचा प्रवाह वाढवून त्रास उसळवू शकते. यकृताचा गंभीर आजार असेल, तर मेंथॉलचा निचरा नीट होत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत पुरेशी माहिती जमलेली नाही, म्हणून त्यांनी ते टाळावे. आठ वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये. विशेषतः कॅप्सूल फोडून तेल तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ किंवा तोंडात कधीही घालू नये, मेंथॉलने बाळाचा घसा आवळून श्वास अडू शकतो. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचे तेल असते, म्हणून शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी पाकिटावरचे घटक वाचावेत. इतर औषधे रोज चालू असतील, तर ती केमिस्टला दाखवावीत.

औषधाच्या दुकानात पुदिन्याच्या अर्काच्या साध्या मऊ कॅप्सूलही मिळतात. अपचन, गॅस यांसाठी लोक त्या घेतात. त्या जठरातच फुटतात, त्यामुळे आयबीएसच्या कळेसाठी त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये. पाकिटावर आवरणाचा उल्लेख आहे का, ते पाहूनच घ्यावे.

या औषधाच्या ताकदीविषयीही सरळ बोलले पाहिजे. जुने प्रयोग लहान होते आणि त्यांचे निकाल फार उजळ होते. नेदरलँड्समध्ये 190 रुग्णांवर आठ आठवडे झालेला, 2020मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक काटेकोर होता. त्यात कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी सुमारे 47 टक्के लोकांची वेदना ठरवलेल्या मापाने कमी झाली, पण नुसती खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांतही ती 34 टक्के लोकांची कमी झाली. मुख्य कसोटीवर हा फरक सिद्ध म्हणण्याइतका ठरला नाही. पोटदुखीच्या सरासरी तीव्रतेसारख्या दुय्यम कसोट्यांवर मात्र कॅप्सूल सरस ठरली. त्याच प्रयोगात तेल आणखी खाली, मोठ्या आतड्याजवळ सोडणारी दुसरी कॅप्सूलही तपासली होती, तिने काही अधिक साधले नाही. माझ्या मते कळ हीच ज्यांची मुख्य तक्रार आहे, त्यांनी महिनाभर नीट पद्धतीने वापरून पाहावे, इतकी या औषधाची लायकी नक्की आहे. पोटफुगी, बद्धकोष्ठ किंवा जुलाब यांवर ते मुख्य औषध नव्हे.

मात्र आयबीएसचे निदान स्वतःच करून केमिस्टकडून ही कॅप्सूल आणू नका. शौचात रक्त, घटणारे वजन, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारी पोटदुखी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास किंवा घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर, यांपैकी काहीही असेल, तर आधी तपासणी करून घ्या. आपल्याकडे आतड्याचा क्षयही अशाच पोटदुखीने सुरू होतो आणि त्यावर पेपरमिंटचा काहीही उपयोग नाही.